सांगडीला बांधलेले धोंडे

"गावोगावच्या पतसंस्थांचा वटवृक्ष आज गंभीर वळणावर येऊन ठेपला आहे. थकबाकीच्या वाळवीने त्याचा पाया पोखरला असून, संचालकांनी वेळीच लगाम खेचला नाही तर हे जहाज अखेर ठेवीदारांच्याच माथी फुटेल."

हा मजकूर कुठे छापून आलेला नाही, तो या लेखासाठी जुळवला आहे. तरी रोज मराठी वाचणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल. अग्रलेखांत, वार्षिक अहवालांत, सभेतल्या भाषणांत अशी वाक्ये सतत भेटतात. घाईत वाचले तर अर्थही कळतो: पतसंस्था अडचणीत आहेत, कर्जे थकली आहेत, नुकसान ठेवीदारांचे होणार आहे. गडबड आहे ती शब्दांनी डोळ्यांपुढे आणलेल्या चित्रांत.

ती एकेक करून पाहावीत. आधी झाड आले. झाड वळणावर येऊन ठेपले, म्हणजे ते चालत होते. मग वाळवी आली. ती झाडाला शोभते, पण तिने पोखरला तो पाया, आणि पाया असतो इमारतीला. लगाम घोड्याचा. जहाज समुद्रातले. शेवटचे "माथी फुटणे" तर जहाजाचे नव्हेच, ते खापराचे. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा. एखाद्याच्या माथी फुटते ते खापर. दोन वाक्यांत झाड, रस्ता, इमारत, घोडा, जहाज आणि मडके अशा सहा गोष्टी येऊन गेल्या आणि एकीनेही आपले काम पुरे केले नाही. रूपकांची सरमिसळ म्हणतात ती हीच.

लिहिणारा निष्काळजी होता म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे, पण कारण जरा खोल आहे. लिहिताना त्याच्या मनात झाड, घोडा, जहाज यांपैकी काहीच नव्हते. त्याच्या मनात होते "मोठी संस्था", "कठीण प्रसंग", "आवर घालणे". या प्रत्येकासाठी मराठीत तयार शब्दजोड्या आहेत आणि त्या आपोआप हाताशी आल्या. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली इंग्रजी राजकीय लेखनावर लिहिलेल्या निबंधात नेमके यावरच बोट ठेवले होते: प्रतिमा एकमेकींवर आदळतात, तेव्हा लिहिणारा आपण उच्चारलेल्या वस्तूंचे चित्र मनात पाहत नसतो, हे नक्की समजावे.

मग असे शब्द वापरूच नयेत का? तसे ठरवले तर मराठीत बोलणेच बंद होईल. घड्याळाचे काटे, करवतीचे दात, बाटलीचे तोंड, डोंगराचा पायथा हे सगळे एकेकाळचे रूपकच. आज त्यांत कोणाला काटा टोचत नाही किंवा दात दिसत नाहीत. ती वस्तूंची साधी नावे होऊन बसली आहेत. दुसऱ्या टोकाला कवीने नुकतीच रचलेली, टक्क जागी प्रतिमा असते. सरमिसळ बहुतेकदा होते ती या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे झोपलेल्या रूपकांत. महागाईला वेसण, विकासाला खीळ, ऐरणीवरचा प्रश्न, भिजत घोंगडे, अफवांचे पेव, विरोधकांची मोट. ही एकेकटी आली तर झोपूनच राहतात. शेजारी दुसरी वस्तू आली की जागी होतात.

"प्रश्न ऐरणीवर आला आणि अखेर मार्गी लागला" हे वाक्य घ्या. ऐरण लोहाराची, मार्ग वाटसरूचा. चित्रे दोन आहेत, पण कानाला काही खटकत नाही. आता "ऐरणीवर आलेल्या प्रश्नाचे घोंगडे भिजतच पडले" हे वाचा. इथे लोहाराच्या ऐरणीवर ओले घोंगडे पसरलेले दिसते आणि वाचणारा थबकतो. "मार्गी" या शब्दातली माती, धूळ, चाकोरी कधीच झडून गेली आहे. घोंगड्याला मात्र अजून लोकर आहे, वजन आहे, ओलेपणाचा वास आहे. जो शब्द अजून हाताने उचलता येतो, तो झोपेतून लवकर उठतो. म्हणून मजकूर तपासताना "यात किती रूपके आहेत" ही मोजदाद फारशी उपयोगी पडत नाही. कोणत्या शब्दाला अजून वजन आहे, हे पाहावे लागते.

आपल्या जुन्या काव्यशास्त्राने ही सूट फार पूर्वी देऊन ठेवली आहे. उपमान आणि उपमेय यांचे लिंग किंवा वचन जुळत नाही, किंवा एक दुसऱ्यापेक्षा फार हलके अथवा फार भारी आहे, असे उपमेचे दोष शास्त्रकार सांगत आले. वामनाने 'काव्यालंकारसूत्रा'त असे सहा दोष मोजले. पण त्याच्याही आधी दंडीने 'काव्यादर्शा'त एक समंजस अट घातली होती: जिथे जाणत्या वाचकाच्या मनाला खुपत नाही, तिथे या गोष्टी दोष ठरत नाहीत. शास्त्रकाराने निकाल वाचकाच्या कानावर सोपवावा, ही मोठी गोष्ट आहे. संपादकाच्या टेबलावर हा नियम आजही जसाच्या तसा लागू पडतो.

या दोषांच्या यादीतली लिंगाची बाब मात्र मराठी लिहिणाऱ्याने विसरू नये, कारण तिच्यातून सरमिसळ पकडण्याची एक सोपी खूण मिळते. हे वाक्य पाहा: "महागाईच्या राक्षसाने जबडा उघडला असून तिने सर्वसामान्यांचे कंबरडे मोडले आहे." राक्षस पुल्लिंगी, महागाई स्त्रीलिंगी. "तिने" या एका शब्दाने सांगून टाकले की अर्ध्या वाक्यात लेखकाच्या मनातून राक्षस निघून गेला होता आणि नुसती महागाई उरली होती. जिथे निर्जीव वस्तूंना लिंगच नसते, त्या भाषेत ही फट दिसत नाही. मराठीत सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही लिंगानुसार बदलतात, त्यामुळे चित्र सुटले की व्याकरण लगेच कुरकुरते. मजकूर परत वाचताना प्रत्येक "तो, ती, ते" पाशी थांबून तो शब्द चित्राकडे बोट दाखवतो की मूळ विषयाकडे, एवढे पाहिले तरी निम्मे घोटाळे सापडतात.

उरलेले निम्मे क्रियापदांत असतात. मराठी रूपक नामापेक्षा क्रियापदात जास्त दडते. "लगाम" शब्द दिसतो तरी. पण नुसते "ठेपणे", "पोखरणे", "फुटणे" डोळ्यांखालून निसटतात. त्यासाठी प्रत्येक वाक्यातले क्रियापद पेन्सिलीने अधोरेखित करावे आणि विचारावे: ही क्रिया जगात खरोखर कोण करते, कशावर करते? पोखरते वाळवी, उंदीर किंवा भुंगा. आणि पोखरले जाते लाकूड, जमीन किंवा फळ. फुटते मडके, काच, धरण. उत्तर वाक्यातल्या नामाशी जुळले तर ठीक. नाही जुळले, तर त्या शब्दाला अजून वजन आहे का, हे कानाने ठरवावे.

कधी एकाच शब्दाला दोन मुळे असतात आणि तिथे जपावे लागते. "विरोधकांची मोट बांधली" यातली मोट कोणती? मराठीत मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची कातड्याची मोठी पिशवी, आणि मोट म्हणजे गाठोडेही. मोट बांधायची ती गाठोड्याची. पण पुढच्या वाक्यात "ही मोट गळू लागली" असे आले की वाचक विहिरीच्या काठावर जाऊन पोहोचतो. लेखकाने गाठोडे म्हटले होते की पाण्याची मोट, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसेल तर वाक्य दोन्हींच्या मध्ये लोंबकळते.

इथपर्यंतची गोष्ट दुरुस्तीची झाली. याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. सरमिसळ टाळायची तर एकच चित्र धरावे आणि शेवटपर्यंत नेऊन भिडवावे, असे कोणालाही सुचेल. त्यालाच आपल्याकडे सांगरूपक म्हणतात. अंगांसह, म्हणजे अवयवांसह आलेले रूपक. एक मुख्य साम्य धरायचे आणि त्याच्या भागांशी विषयाचे भाग जोडत जायचे. पण सांगरूपक शुद्ध आहे म्हणून ते चांगले असतेच असे नाही. एकही चित्र न मिसळता चार पाने कंटाळवाणी लिहिता येतात. ते कधी ठेवावे, कुठवर न्यावे आणि कुठे खाली ठेवावे, हे कळायला मराठीतले एक जुने आणि मोठे उदाहरण पाहणे बरे.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये झालेल्या 'ज्ञानेश्वरी'च्या सातव्या अध्यायात मायानदीचे रूपक आहे. मूळ गीतेच्या त्या श्लोकात नदी नाही. तिथे म्हटले आहे ते एवढेच: माझी ही गुणमयी माया ओलांडायला कठीण आहे, जे मला शरण येतात ते ती तरून जातात. "तरून जाणे" हे क्रियापद तेव्हाही अर्धवट झोपलेलेच असणार. संकटातून निभावणे, पार पडणे, इतकाच त्याचा सरावाचा अर्थ. ज्ञानेश्वरांनी त्या एका क्रियापदाला जागे केले. तरायचे म्हटले की पाणी हवे. पाणी म्हटले की उगम हवा, काठ हवे, पूर हवा, भोवरे हवेत, आणि पलीकडे जाऊ पाहणारी माणसे हवीत.

मग ती नदी ब्रह्मरूपी डोंगराच्या कड्यावरून निघते. संकल्पाच्या पाण्याचा पहिला उसळा येतो आणि त्यावर पंचमहाभूतांचा एक लहानसा बुडबुडा दिसतो. पुढे ओघ वाढतो. गुणांचे ढग कोसळतात, मोहाचा महापूर येतो आणि यमनियमांची वसलेली गावे वाहून जातात. द्वेषाचे भोवरे, मत्सराची वळणे, आत तळपणारे प्रमादाचे मोठाले मासे, वर तरंगत जाणारा सुखदुःखांचा गाळकचरा. हे वाचताना लक्षात येते की क्रम नदीचा आहे. उगम, वाढ, पाऊस, पूर, वाहून जाणारी गावे. पूर कसा येतो हे पाहिलेल्या माणसाला पुढे काय होणार ते आधीच कळते, आणि जे कळते ते मायेबद्दलही खरे असते: सुरुवात बुडबुड्याएवढी असते, पण एकदा वर पाऊस झाला की खालच्या गावांना वेळ मिळत नाही. चित्राने स्वतःच्या नियमांनी पुढे चालावे आणि तरी विषयाबद्दल खरे बोलत राहावे, हे या रूपकाचे सामर्थ्य आहे.

मग तरून जाऊ पाहणारे येतात. कोणी स्वतःच्या बुद्धीच्या बाहूंनी पोहायला उतरले, त्यांचा पत्ताच लागला नाही. कोणी तिन्ही वेदांची सांगड केली, पण तिला अहंभावाचे धोंडे बांधले आणि ते माशाच्या तोंडी गेले. इथे "सांगड" या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. आज आपण परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड घालतो, नोकरी आणि घर यांची सांगड घालतो. शब्दाचा अर्थ जुळवणी एवढाच उरला आहे. मुळात सांगड म्हणजे पाणी ओलांडायला एकत्र बांधलेले तरंगते साधन. ज्ञानेश्वरांच्या ओवीत ती पाण्यावर आहे, आणि म्हणूनच तिला धोंडे बांधण्याचा अर्थ एका क्षणात कळतो. जे तारायला घेतले, त्यालाच बुडवणारे वजन जोडले. हीच गोष्ट नदी सोडून सांगायची तर विद्येचा अभिमान विद्येलाच निष्फळ करतो, असे काहीतरी म्हणावे लागेल. ते खरे असते, पण दिसत नाही.

आणि मग या रूपकाचा शेवट येतो. इतकी मोठी नदी, इतके बुडालेले लोक. आता वाचकाला वाटते की शरण आलेल्या भक्तासाठी एक भक्कम नाव निघणार आणि तो पैलतीरी लागणार. सद्गुरू तारक म्हणून पुढे असल्याचा, आत्मनिवेदनाचा तराफा मिळाल्याचा उल्लेख येतोही. पण निर्णायक गोष्ट वेगळीच सांगितली आहे: जे सर्वभावे भजले, त्यांच्यासाठी मायेचे पाणी याच तीरावर संपले. त्यांना पलीकडे जावेच लागले नाही. लेखकाने रूपक जिथवर खरे होते तिथवर नेले आणि जिथे ते खोटे पडले असते तिथे स्वतःच आटवले. कारण नदी ओलांडली तरी ती मागे वाहत राहतेच. मायेचे तसे नाही. ती ओळखली की उरतच नाही. पैलतीर दाखवला असता तर रूपक पूर्ण झाले असते आणि सिद्धांत चुकला असता. ज्ञानेश्वरांनी सिद्धांत राखला. रूपक कुठे सोडावे याचा एवढा स्वच्छ धडा दुसरा मिळणे कठीण.

याच ग्रंथाच्या आरंभी गणेशाचे रूपक आहे आणि ते वेगळ्या रीतीने टिकते. तिथे काही वाहत नाही. मूर्ती समोर बसलेली आहे. वेद हे तिचे शरीर, अठरा पुराणे अलंकार, सहा दर्शने हे सहा हात, तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक, आणि खंडित झालेले बौद्ध मत हा मोडका दात. एवढे भाग लक्षात कसे राहतात? गणपतीची मूर्ती वाचकाच्या मनात आधीपासून पुरी आहे म्हणून. कवी एकेका अवयवाकडे बोट दाखवतो, वाचकाला अवयव शोधावा लागत नाही. शिवाय दर्शने सहा म्हणून मूर्तीला हातही सहा दिले. विषयाने चित्राला थोडे वाकवले आणि चित्र वाकू शकले. अनोळखी वस्तूवर इतकी यादी लादली असती, तर चौथ्या-पाचव्या अवयवाशी वाचकाने हात सोडला असता.

अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त सांगरूपकाचे दोन प्रकार सांगितले, आणि आजच्या गद्यलेखकाला त्यातला दुसरा अधिक कामाचा आहे. पहिल्यात प्रत्येक भागाची जोडी शब्दांत सांगितलेली असते. दुसऱ्यात काही जोड्या शब्दांत येतात आणि उरलेल्या वाचक स्वतः ओळखतो. याला एकदेशविवर्ती म्हणतात. मासिकातल्या लेखात तीन जोड्या सांगाव्यात आणि चौथी वाचकाच्या मनात आपोआप उमटू द्यावी. चौथी उमटली, तर रूपक जिवंत आहे. ती समजावून सांगावी लागत असेल, तर कापायची वेळ आली आहे.

आता पुन्हा त्या पतसंस्थेकडे जाता येईल. सहा चित्रांपैकी एखादे ठेवण्याजोगे आहे का? जहाज, घोडा आणि खापर यांनी काहीच नवे सांगितले नव्हते, ती सहज जातात. राहिले वटवृक्ष आणि वाळवी.

वटवृक्षाबद्दल आधी थोडेसे, कारण "लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे" या वाक्याशिवाय महाराष्ट्रातली रौप्यमहोत्सवी स्मरणिका क्वचितच निघते. वाक्य इतके झिजले आहे की त्यात झाड उरलेले नाही. पण खऱ्या वडाकडे पाहिले तर ते जागे होऊ शकते. वडाचे बी पुष्कळदा पक्ष्याच्या विष्ठेतून दुसऱ्याच झाडावर पडते आणि तिथे रुजते. दरवेळी कोणी रोपटे लावलेले नसते. त्याच्या पारंब्या जमिनीला टेकून खोड होतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने खराब झाल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले आणि झाड पारंब्यांच्या आधारावर वाढतच राहिले. ज्या संस्थेचे संस्थापक गेले, मूळ कार्यालयही बंद झाले आणि तरी तालुक्यातालुक्यांतल्या शाखा आपल्या पायांवर उभ्या राहिल्या, तिच्याबद्दल वटवृक्ष म्हणावे. तिथे हा शब्द काही सांगतो. नुसती मोठी झालेल्या संस्थेला "मोठी" म्हणणे पुरते. आपल्या परिच्छेदातल्या पतसंस्थांना मोठेपणापलीकडे काही म्हणायचे नव्हते, तेव्हा वडही गेला.

वाळवीचे तसे नाही. ती उजेड टाळते, मातीच्या बारीक नळ्यांतून चालते, आणि लाकूड आतून खाते. बाहेरचा पापुद्रा जसाच्या तसा राहतो. रंगही उडत नाही. बोटाने ठोठावल्यावर पोकळ आवाज येतो तेव्हा कळते. आता थकबाकी लपवलेल्या पतसंस्थेचे दप्तर डोळ्यांपुढे आणावे. एका कर्जदाराचे हप्ते थकले. त्याच्याच नावाने किंवा त्याच्या घरातल्या दुसऱ्याच्या नावाने नवे कर्ज मंजूर केले, त्यातून जुने खाते बंद झाल्याचे दाखवले. खातेवहीत आता थकबाकी नाही. न आलेले व्याज उत्पन्न म्हणून दाखवले, ताळेबंदात नफा दिसला, सभासदांना लाभांशही मिळाला. पापुद्रा शाबूत आहे. ठोठावणारा म्हणजे लेखापरीक्षक, हे सांगायची गरजही पडत नाही. वाचकाच्या मनात ते आधीच उमटलेले असते. वाळवीच्या स्वभावात आणि या व्यवहारात एकच कारण काम करते: नुकसान आत होते आणि बाहेरची बाजू मुद्दाम जशीच्या तशी राहते. म्हणून हे चित्र ठेवण्याजोगे आहे.

पण चित्र चांगले निघाले की लेखकाला हाव सुटते, आणि धोका तिथे असतो. वाळवीला राणी असते, मग अध्यक्षाला राणी म्हणावे का? पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, मग कर्ज बुडवून परगावी गेलेल्यांना पंख फुटले म्हणावे का? दोन्ही जोड्या चटकदार आहेत, आणि दोन्ही काढाव्यात. राणी अंडी घालते. अध्यक्ष काय करतो हे त्यातून कळत नाही. पंख फुटलेली वाळवी नवी वसाहत करायला उडते. कर्जदार तगादा चुकवायला जातो. या वाक्यांनी वाचकाला वाळवीची माहिती मिळते, पतसंस्थेची नाही. जोडी ठेवायची की काढायची, याची परीक्षा एवढीच: तिने उजेड कोणावर टाकला?

आणि एका ठिकाणी हे चांगले रूपकही खोटे पडते. वाळवीला हेतू नसतो. तिच्यावर कोणी रागावत नाही, तिला कोणी जाब विचारत नाही. ती लागते, आणि घरमालक बिचारा ठरतो. थकीत कर्जे मात्र लागत नाहीत, ती दिली जातात. अर्ज येतो, तारण तपासले जाते किंवा जात नाही, सभेत ठराव होतो, सह्या होतात. "वाळवी लागली" असे म्हणत राहिले, तर सही करणारा वाक्यातून नाहीसा होतो आणि संचालक मंडळ घरमालकाच्या जागी जाऊन बसते. आर्थिक आणि राजकीय लेखनात रूपकांनी केलेले खरे नुकसान या जातीचे असते. महागाईचा भस्मासुर, भ्रष्टाचाराची कीड, मंदीची लाट: असुर, कीड आणि लाट यांना कोणाची स्वाक्षरी लागत नाही. सरमिसळीने वाक्य बिघडते आणि ते दिसते तरी. एकच चित्र नीट शेवटपर्यंत नेले, तर अशी लपवणूक सफाईने होते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

रूपक खाली ठेवायचे तेही नीट ठेवावे. अर्ध्या वाक्यात नव्हे. तिथे पुन्हा "राक्षसाने" आणि "तिने" होते. पूर्णविराम द्यावा आणि पुढचे वाक्य साध्या शब्दांत सुरू करावे. वाचक त्या बदलाला अडखळत नाही. उलट चित्र संपून उघडा शब्द आला की त्याचे लक्ष वाढते. पूर्णविरामाचा आणखी एक उपयोग आहे. एकामागून एक निराळे दृष्टान्त द्यायचे असले, तर प्रत्येक दृष्टान्त आपल्या वाक्यात पुरा करून दुसऱ्याला जागा द्यावी. 'ज्ञानेश्वरी'त असे दृष्टान्त ओवीमागून ओवी येतात आणि ते सरमिसळ वाटत नाहीत, कारण आधीचा मिटल्याखेरीज पुढचा उघडत नाही.

या सगळ्यातून गेल्यावर आरंभीचा परिच्छेद असा होतो:

"गावोगावच्या पतसंस्थांना थकबाकीची वाळवी लागली आहे. वरून पाहिले तर सारे ठीक दिसते. खाती नियमित, ताळेबंदात नफा, सभासदांना लाभांश. ठोठावल्यावर आवाज पोकळ येतो. जुनी कर्जे नव्या कर्जांतून फिटलेली दाखवली आहेत. ही कर्जे संचालकांच्या बैठकीत मंजूर झाली. कोणत्या तारणावर, कोणाच्या शिफारशीने आणि कोणाच्या सहीने, हे इतिवृत्तात लिहिलेले आहे. ठेवीदारांनी ते इतिवृत्त मागावे."

पहिल्यापेक्षा हा मजकूर लांब झाला आणि त्यातली सहा चित्रे एकावर आली. ते एक चित्रही चौथ्या वाक्यानंतर थांबले आहे. इतिवृत्त म्हणजे इतिवृत्त, सही म्हणजे सही.